इनव्हॉइस वाचायला ओसीआर घ्यायचं की व्हिजन मॉडेल: टक्के बाजूला ठेवा, चूक कशी दिसते ते बघा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तीच तुलना टाकतं. ओसीआर करणाऱ्या टेसरॅक्टची अचूकता इतके टक्के, अमक्या व्हिजन मॉडेलची तितके, मॉडेल जिंकलं, विषय संपला. मग खाली दुसरा येतो, ओसीआर फुकट आहे आणि डेटा बाहेर जात नाही, म्हणून ओसीआरच. दोघंही वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत हे कुणी सांगतच नाही. ओसीआरचे टक्के बहुतेक वेळा अक्षरांचे असतात आणि मॉडेलचे फील्डचे, म्हणजे इनव्हॉइस नंबर अख्खा बरोबर आला की नाही याचे. अक्षरागणिक ९९ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण १२ अक्षरी नंबर पूर्ण बरोबर यायला बाराही अक्षरं बरोबर यावी लागतात, आणि तो हिशोब साधारण ८९ टक्क्यांवर येतो. म्हणजे नऊ-दहा बिलांमागे एक नंबर चुकीचा.

ओसीआर काय करतं हे तुम्हाला माहीतच असणार. चित्रातून शब्द काढतं, प्रत्येक शब्दाची पानावरची जागा देतं आणि शब्दागणिक खात्रीचा आकडा देतं. टेसरॅक्टला असं विचारलं की ते सगळं टेबलात मिळतं:

```
tesseract invoice.png out --psm 6 -l eng tsv
```

त्यातल्या `conf` कॉलममध्ये शब्दाच्या ओळीला ० ते १०० आकडा असतो, बाकी ओळींना -१. पण यातला कुठला शब्द एकूण रक्कम आणि कुठला टॅक्स, हे टेसरॅक्ट सांगत नाही, ते तुमच्या नियमांनी ठरवायचं. व्हिजन मॉडेल उलट टोकाला. त्याला पान द्या, फील्डची नावं द्या, ते थेट भरलेला जेसन देतं, लेआउट कुठलाही असो. शंभर पुरवठादार आणि शंभर प्रकारची बिलं असतील तर नियम लिहिताना माणूस थकतो, कारण एक जण एकूण रक्कम खाली उजवीकडे लिहितो, दुसरा वरच्या चौकटीत, तिसरा तिला 'देय बाकी' म्हणतो. इथे मॉडेल सरस आहे, यावर वाद घालण्यात मला रस नाही.

आणि हो, दोन्हीच्या आधी पीडीएफमध्ये टेक्स्ट आहे का ते बघा. निम्मे लोक कॉम्प्युटरवर तयार झालेल्या पीडीएफचं आधी चित्र करतात आणि मग ते वाचायला मशीन शोधतात, हे बघून अक्षरशः डोकं फिरतं. आत टेक्स्ट असेल तर एका कमांडमध्ये बाहेर येतं:

```
pdftotext -layout invoice.pdf -
```

आता खरा मुद्दा. दोघांच्या चुकांची जातच वेगळी आहे, आणि तुमची तपासणी कशी हवी ते त्यावर ठरतं.

एक बिल घ्या. तीन ओळी: १२ नग १४५.५० ने, १,७४६.००. ८ नग ३१० ने, २,४८०.००. ५ नग ८९.९० ने, ४४९.५०. बेरीज ४,६७५.५०, त्यावर १० टक्के टॅक्स ४६७.५५, एकूण व्हायला हवेत ५,१४३.०५. पण बिल करणाऱ्याने हाताने टाइप करताना दोन आकडे उलटे मारले आणि कागदावर छापलं गेलं ५,४१३.०५.

ओसीआर हे निमूटपणे ५,४१३.०५ असंच वाचेल. तुमचा बेरीज तपासणारा कोड म्हणेल की २७० चा फरक आहे, बिल माणसाकडे जाईल. (फरकाला ९ ने भाग जातो म्हणजे आकडे उलटे पडले असतील, ही हिशोबनिसांची जुनी युक्ती इथेही चालते.) माणूस पुरवठादाराला विचारेल, प्रश्न मिटेल.

व्हिजन मॉडेल बहुतेक वेळा छापलेलंच देईल, पण कधीतरी ५,१४३.०५ देईल. कारण ते पुढचा आकडा लिहिताना फक्त त्या पिक्सेलकडे बघत नाही, आत्तापर्यंत आलेला सगळा मजकूर आणि बिलात सहसा काय शोभतं हेही त्यात मिसळलेलं असतं, आणि छपाई पुसट असेल किंवा वर शिक्का पडला असेल तर शोभणाऱ्या आकड्याकडे झुकणं अजून वाढतं. हे म्हणजे साहेबांना न विचारता परस्पर दुरुस्त्या करणारा हुशार कारकून. आता मजा बघा, ओळींची बेरीज जुळते, टॅक्स जुळतो, एकूण जुळतं, तुमची तपासणी हिरवा दिवा दाखवते आणि बिल पुढे सरकतं. तुम्ही ५,१४३.०५ भरता, समोरच्याच्या वहीत २७० बाकी राहतात, आणि कधीतरी थकबाकीचं पत्र येतं तेव्हा सगळे विचारतात की हे आलं कुठून.

म्हणजे ओसीआरची चूक बेरीज मोडते आणि मॉडेलची चूक बेरीज जुळवू शकते. 'आम्ही बेरीज तपासतो, त्यामुळे मॉडेल सेफ आहे' हे वाक्य यासाठीच मला सहन होत नाही. ती तपासणी ओसीआरच्या चुकांसाठी बनलेली आहे.

ओसीआर साधं आहे असंही समजू नका. टेसरॅक्टमध्ये २०१८ च्या ४ नंबरच्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्क आहे, शब्दकोशही असतो, तेही ओळखीच्या शब्दाकडे थोडंफार झुकतं, आणि ८ चा ३ करून वर `conf` ९० च्या पुढे दाखवणं त्याला अजिबात अवघड नाही. पण पानावरच्या बेरजा त्याला कळत नाहीत, आणि हीच त्याची इथली किंमत आहे.

त्याच जातीच्या अजून दोन चुका. तारीख ०३/०४/२०२५ छापली असेल तर ओसीआर तशीच देतं, मॉडेलला प्रमाणित रूपात मागितली की ते एप्रिल किंवा मार्च यातलं काहीतरी एक गुपचूप निवडतं. म्हणून मॉडेलकडून आधी पानावर आहे तसाच मजकूर मागा, रूपांतर तुमच्या कोडमध्ये करा. दुसरं, स्कीमामध्ये ऑर्डर नंबर सक्तीचा ठेवला आणि बिलावर तो नसलाच, तर मॉडेल ग्राहक क्रमांक नाहीतर असलंच काहीतरी तिथे बसवायची शक्यता चांगलीच असते. प्रत्येक फील्डला `null` चालेल हे स्कीमामध्येही असू द्या आणि सूचनेतही.

मग मॉडेलला तपासायचं कसं? मॉडेललाच 'खात्री किती' विचारून नाही. ते लिहितं तो ९५ टक्के हा आकडासुद्धा त्याने लिहिलेला मजकूरच असतो, मोजमाप नाही. माझ्या मते उपाय एकच नीट आहे: मॉडेलने फील्ड काढायची आणि ओसीआरने साक्ष द्यायची. मॉडेलने दिलेली प्रत्येक रक्कम, नंबर, तारीख घ्या, हजाराचे स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, आणि तीच अक्षरं ओसीआरच्या शब्दांत सापडतात का ते बघा. ओसीआर कधी कधी एका रकमेचे दोन तुकडे करतं, म्हणून एकाच ओळीतले शेजारचे शब्द जोडूनही शोधा. वरच्या बिलात ५,१४३.०५ पानावर कुठेच सापडणार नाही, तिथेच पकडलं जाईल. सापडलं नाही की पानाचा तेवढा तुकडा कापून माणसाला दाखवा, अख्खं बिल नको.

इथे एक गोची आहे जी बरेच जण करतात. मॉडेलची मदत व्हावी म्हणून ओसीआरचा मजकूर चित्रासोबत त्यालाच देतात, आणि मग उत्तर त्याच मजकुराशी ताडून बघतात. अशाने साक्षीदार फुटला की हो! ओसीआरने ८ चा ३ केला असेल तर मॉडेल तोच ३ उचलू शकतं, आणि ताळा अर्थातच जुळतो. मदत घ्या किंवा साक्ष घ्या, एकाच वाचनाकडून दोन्ही नको.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. मॉडेलने टॅक्सआधीची बेरीज उचलून 'एकूण' मध्ये टाकली तर ती रक्कम पानावर असतेच, ताडणी पास. तिथे बेरजेची तपासणी कामाला येते, म्हणून दोन्ही ठेवायच्या. आणि मोबाइलवर तिरका काढलेला अंधारा फोटो असेल तर ओसीआरला काहीच सापडत नाही आणि प्रत्येक फील्ड माणसाकडे जातं, ते तसंच जाऊ द्या.

रिझोल्यूशनचं थोडक्यात. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं. काही व्हिजन सेवा मोठं चित्र आधी आतल्या आत लहान करतात, आणि लांब बाजू १५०० च्या आसपास आली की ८ पॉइंटची बारीक अक्षरं, जी मुळात ३३ पिक्सेलच्या घरात होती, ती १४ वर येतात. खात्याचा नंबर नेमका तळाशी, त्याच बारीक अक्षरांत असतो. पानाचे दोन-तीन तुकडे करून पाठवा, टेबलाची ओळ मध्येच कापली जाणार नाही एवढं बघा.

खर्चाचं. टेसरॅक्ट अपाची लायसन्सखाली आहे, साध्या सीपीयूवर चालतं, पानामागे खर्च जवळपास नाहीच. मॉडेल सेवा म्हणून घेतलं तर टोकनचे पैसे, घरी चालवलं तर जीपीयूचे. पण या दोन्हीपेक्षा माणसाचा वेळ महाग असतो आणि तुलनेच्या तक्त्यात तोच कॉलम गायब असतो. समजा १००० बिलांतली २५० माणसाकडे गेली आणि प्रत्येकी २ मिनिटं लागली, तर आठ तासांहून जास्त झाले. ६० गेली तर दोन तास. तुमच्याच बिलांवर हा आकडा काढा, आणि माणसाकडे न जाता चुकीची पुढे गेलेली किती ते वेगळं मोजा, कारण खरा भुर्दंड तिथेच बसतो.

प्रायव्हसीत लोक उगाच गोंधळ घालतात. ओसीआर म्हणजे खाजगी आणि मॉडेल म्हणजे क्लाउड, असं काही नसतं, मशीन कुणाचं आहे एवढाच प्रश्न असतो. क्वेन २.५ व्हीएल या व्हिजन मॉडेलचं ७ अब्ज पॅरामीटरचं रूप खुलं आहे, अपाची लायसन्सच आहे, १६ बिटला नुसती वेट्सच १६ जीबीच्या आसपास जातात आणि ४ बिटला बरीच कमी, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालू शकतं. उलट कितीतरी जण ओसीआर घरी चालवतात आणि निघालेला मजकूर फील्ड काढायला बाहेरच्या मॉडेलकडे पाठवतात, वर सांगतात की आमचं लोकल आहे. बँक खातं, नावं, रकमा सगळं बाहेर गेलंच की, राहिलं काय तर लोगोचं चित्र!

बिलं चार-पाच पुरवठादारांचीच आणि लेआउट ठरलेला असेल तर मॉडेलच्या नादी लागूच नका, ओसीआर आणि नियम पुरतात. पुरवठादार सतत नवे येत असतील तर घरी चालणारं मॉडेल आणि शेजारी टेसरॅक्टची साक्ष. बाहेरची सेवा मी फक्त तेव्हाच घेईन जेव्हा घरचं मॉडेल माझ्याच बिलांवर मोजून कमी पडलेलं असेल आणि बिलं बाहेर पाठवायला ग्राहकाची लेखी परवानगी असेल.