विरळ २×२ सारणी आणि फिशरची अचूक चाचणी

दोन गट आणि दोन निष्पत्ती यांच्या चौकोनी सारणीत एकूण मोजणी थोडी असेल, किंवा निष्पत्तींपैकी एक अगदी क्वचित घडली असेल, तर तिला विरळ २×२ सारणी म्हणतात. अशा सारणीसाठी नेहमीची काय-वर्ग चाचणी न वापरता फिशरची अचूक चाचणी वापरतात. निष्कर्ष मांडताना ही निवड का केली तेही आकड्यांनिशी सांगावे लागते. ‘नमुना लहान होता म्हणून फिशर वापरली’ एवढे वाक्य त्याला पुरत नाही. बोस्टनमध्ये नवजात बाळांवर झालेली एक चाचणी पाहिली की हे स्पष्ट होते.

बोस्टनची सारणी

जन्मतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब चढलेला राहिला, तर बाळाच्या रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. एक्मो या उपचारात रक्त शरीराबाहेर काढून कृत्रिम पटलावरून नेतात, त्यात ऑक्सिजन मिसळतात आणि ते परत शरीरात सोडतात. १९८० च्या दशकात बोस्टनच्या डॉक्टरांनी या उपचाराची प्रचलित उपचाराशी तुलना केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही एका गटात चौथा मृत्यू झाला की यादृच्छिक वाटणी थांबवायची, असे आधीच ठरले होते. त्या टप्प्यात १९ बाळे आली.

| | मृत्यू | वाचली | एकूण |
|---|---|---|---|
| एक्मो | ० | ९ | ९ |
| प्रचलित उपचार | ४ | ६ | १० |
| एकूण | ४ | १५ | १९ |

या सारणीवर दुरुस्तीविना काय-वर्ग चाचणी केली तर मूल्य ४.५६ येते आणि पी-मूल्य ०.०३३. ०.०५ च्या रूढ मर्यादेच्या आत असल्याने फरक ‘सार्थ’ ठरतो. फिशरच्या चाचणीत मात्र दुतर्फी पी-मूल्य ०.०८७ येते आणि एकतर्फी ०.०५४. मोजणी तीच असूनही निवाडा उलटतो. अशा वेळी कोणता आकडा का धरला हे लेखकाने सांगायलाच हवे.

अचूक मोजणी कशी होते

फिशर यांनी ही रीत १९३४-३५ च्या सुमारास मांडली. तिची कल्पना साधी आहे. उपचाराने काहीच फरक पडत नाही असे धरा. मग जी चार बाळे दगावली ती कोणत्याही गटात असती तरी दगावलीच असती. ती नेमकी कोणत्या गटात पडली, हा केवळ चिठ्ठीचा प्रश्न उरतो. १९ मधून ४ बाळे ३,८७६ प्रकारे निवडता येतात. चौघेही प्रचलित उपचाराच्या दहांमधलेच असण्याचे प्रकार २१० आहेत. २१० भागिले ३,८७६ म्हणजे ०.०५४. यात कुठेही सन्निकटन नाही, फक्त मोजणी आहे.

कडेच्या बेरजा (९, १०, ४, १५) कायम धरल्या तर एकूण पाचच सारण्या शक्य आहेत, कारण एक्मो गटातले मृत्यू ० ते ४ एवढेच असू शकतात.

| एक्मो गटात मृत्यू | प्रकार | संभाव्यता | काय-वर्ग मूल्य |
|---|---|---|---|
| ० | २१० | ०.०५४ | ४.५६ |
| १ | १,०८० | ०.२७९ | १.०२ |
| २ | १,६२० | ०.४१८ | ०.०१ |
| ३ | ८४० | ०.२१७ | १.५५ |
| ४ | १२६ | ०.०३३ | ५.६३ |

दुतर्फी पी-मूल्यासाठी प्रत्यक्ष सारणीइतक्या किंवा तिच्याहून कमी संभाव्य अशा सगळ्या सारण्यांची बेरीज घेतात. इथे पहिली आणि शेवटची ओळ मिळून ३३६ प्रकार होतात, म्हणजे ०.०८७.

काय-वर्गाचे सन्निकटन इथे का बसत नाही

१९०० मध्ये पिअर्सन यांनी दिलेली काय-वर्ग चाचणी एका सलग वक्रावर उभी आहे. मोजणी मोठी असली की काय-वर्ग मूल्य शेकडो वेगवेगळे आकडे घेऊ शकते आणि त्यांचा आलेख त्या वक्राच्या जवळ जातो. वरच्या सारणीत मात्र ते मूल्य पाचच आकडे घेऊ शकते. त्यामुळे सलग वक्राखालचे क्षेत्रफळ आणि या पाच पायऱ्यांची खरी उंची यांचा मेळ बसत नाही.

हा मेळ किती चुकतो ते थेट तपासता येते. वक्र सांगतो की ४.५६ किंवा त्याहून मोठे मूल्य शंभरात ३.३ वेळा येईल. सारणी सांगते की ते पहिल्या आणि शेवटच्या ओळीत येते, म्हणजे शंभरात ८.७ वेळा. सन्निकटनाने योगायोगाची शक्यता निम्म्याहूनही कमी दाखवली. काय-वर्ग इथे अनुपयुक्त होता या विधानाचा खरा आधार ही तुलनाच आहे.

सारणीतून आणखी एक गोष्ट कळते आणि अहवालांत ती क्वचितच लिहिली जाते. चारच मृत्यू झालेले असताना एक्मोच्या बाजूने सर्वांत टोकाचा निकाल पहिल्या ओळीतला आहे आणि तो प्रत्यक्षात घडलाही. त्याचीही संभाव्यता ०.०५४ आहे. म्हणजे या बेरजांत एक्मोच्या बाजूचा कोणताही निकाल ०.०५ च्या खाली जाऊच शकत नव्हता. मग ०.०८७ वाचून ‘एक्मोचा उपयोग दिसला नाही’ असे लिहिणे चुकीचे ठरते. त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की चार मृत्यूंत याहून ठाम पुरावा मावत नाही.

अपेक्षित मोजणी पाहायची, प्रत्यक्ष नव्हे

काय-वर्ग चालेल की नाही हे ठरवताना सारणीच्या घरात दिसणारा आकडा पाहण्याची चूक फार होते. घरात शून्य आहे म्हणून फिशर, असे कारण दिले जाते. पाहायची असते ती अपेक्षित मोजणी, म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण. इथे एक्मो गटात अपेक्षित मृत्यू ९ × ४ ÷ १९ = १.८९ आणि प्रचलित गटात २.११ आहेत. वाचलेल्यांच्या घरांत ७.११ आणि ७.८९ येतात. चारपैकी दोन घरे पाचाच्या खाली आहेत. कॉक्रन यांनी १९५४ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार एकूण संख्या २० पेक्षा कमी असेल, किंवा २० ते ४० असून सर्वांत लहान अपेक्षित मोजणी पाचाखाली असेल, तर २×२ सारणीसाठी फिशरची चाचणी घ्यावी. १९ ही संख्या पहिल्याच अटीत बसते. याउलट, प्रत्येकी हजारांच्या दोन गटांत एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला वीस रुग्ण असतील, तर अपेक्षित मोजणी दहा-दहा येते. तिथे ते शून्य काय-वर्गाच्या आड येत नाही.

पाचाचा नियम हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, प्रमेय नव्हे. काही संख्याशास्त्रज्ञ ही मर्यादा एकपर्यंत खाली आणतात. म्हणून नियमाचे नाव घेऊन थांबण्यापेक्षा अपेक्षित मोजणी छापणे केव्हाही चांगले.

येट्स यांची १९३४ ची सातत्य-दुरुस्ती लावली तर काय-वर्ग मूल्य २.४७ आणि पी-मूल्य ०.११६ होते. ही दुरुस्ती मुळात अचूक चाचणीच्या शेपटीची नक्कल करते. ०.११६ चे निम्मे ०.०५८, आणि ते फिशरच्या एकतर्फी ०.०५४ च्या जवळ आहे. संगणकावर अचूक उत्तर क्षणात मिळत असताना तिची नक्कल वापरण्याचे कारण उरलेले नाही.

अहवालात काय लिहावे

आर या संगणक प्रणालीत अहवालाला लागणारी आकडेमोड एवढ्यात होते:

```r
m <- matrix(c(0, 9, 4, 6), nrow = 2, byrow = TRUE)
chisq.test(m)$expected
fisher.test(m)
```

दुसऱ्या ओळीवर `Chi-squared approximation may be incorrect` असा इशारा येतो. तो बंद करून पुढे जाऊ नये. अहवालातला मजकूर असा असू शकतो:

> एक्मो गटात ९ पैकी ० आणि प्रचलित उपचाराच्या गटात १० पैकी ४ बाळे दगावली. चारपैकी दोन घरांची अपेक्षित मोजणी ५ पेक्षा कमी होती (१.८९ आणि २.११), म्हणून काय-वर्ग सन्निकटन न वापरता फिशरची अचूक चाचणी केली. दुतर्फी पी-मूल्य ०.०८७ आले (प्रत्यक्ष सारणीइतक्या किंवा त्याहून कमी संभाव्य सारण्यांची बेरीज). मृत्यूच्या ऑड्स गुणोत्तराचा ९५% विश्वास अंतराल ० ते १.४६ होता.

कंसातला खुलासा सोडू नये. फिशरच्या चाचणीत दुतर्फी पी-मूल्य काढण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. एकतर्फी मूल्य दुप्पट केले तर इथे ०.१०८ येते. नुसते ‘दुतर्फी’ लिहिले तर वाचकाला आकडा पडताळता येत नाही. एकतर्फी मूल्य द्यायचे असेल तर ती दिशा निकालाआधी ठरली होती, हे सांगता आले पाहिजे. विश्वास अंतरालाचीही तितकीच गरज आहे. पी-मूल्यातून पुरावा किती तोकडा आहे एवढेच कळते. ऑड्स शून्यापर्यंत घटण्यापासून जवळजवळ दीडपट वाढण्यापर्यंत सारे काही या आकड्यांशी जुळते, हे मात्र अंतरालच दाखवतो.

मर्यादा

फिशरची चाचणी कडेच्या दोन्ही बेरजा कायम धरते. बोस्टनमध्ये प्रत्येक गटातल्या बाळांची संख्या आधी ठरलेली नव्हती. वाटणी चौथ्या मृत्यूवर थांबली, आणि तो नियम या गणितात येत नाही. तो अहवालात नोंदवावा लागतो. चाचणी अतिसावध आहे हा आक्षेपही जुना आणि खरा आहे. पायऱ्या मोठ्या असल्याने ‘०.०५’ म्हटले तरी चुकीचा इशारा त्याहून कमी वेळा मिळतो. बार्नार्ड यांनी १९४५ मध्ये बेरजा कायम न धरणारी चाचणी सुचवली. मध्य-पी या पद्धतीत प्रत्यक्ष सारणीची अर्धीच संभाव्यता मोजतात, आणि इथे दुतर्फी मूल्य ०.०६० येते. यांपैकी काहीही वापरता येते, फक्त निवड आकडे पाहण्याआधी झालेली असावी. तिन्ही करून पाहून सर्वांत लहान मूल्य छापले तर ‘अचूक’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

दुसरा मोह मोजणी वाढवण्याचा असतो. बोस्टनमध्ये वाटणी थांबल्यावर पुढच्या २० बाळांना थेट एक्मो दिला गेला आणि त्यांतली १९ वाचली. ही बाळे पहिल्या नऊंत मिळवली तर सारणी भरते आणि पी-मूल्य खूप खाली येते. पण त्या वीस जणांची चिठ्ठी निघालीच नव्हती. चार बाळे कोणत्या गटात पडली हा केवळ चिठ्ठीचा प्रश्न, या गृहीतावरच ३,८७६ प्रकार मोजले होते. नंतरच्या बाळांना ते गृहीत लागू नाही, म्हणून ती वेगळीच नोंदवावी लागतात.

पुढे ब्रिटनमध्ये १८५ बाळांची यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. एक्मोच्या ९३ पैकी ३० आणि प्रचलित उपचाराच्या ९२ पैकी ५४ बाळे दगावली. तिथे चारही घरांत अपेक्षित मोजणी चाळीसच्या वर होती. अशा सारणीसाठी काय-वर्ग पुरेसा आहे आणि अचूक चाचणीही तोच निवाडा देते.