चार्जर काढला की धावणारा लॅपटॉप

बहिणीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पहिले काही सेकंद काम झपाट्याने चालायचं आणि मग सगळं रखडायचं. पंख्याचा फारसा आवाज नाही, तापमान जेमतेम ५८ अंश. आतली धूळ काढून झाली, थर्मल पेस्ट बदलून झाली, विंडोजही नव्याने टाकून झालं. फरक काहीच नाही. एक्सपोर्ट चालू असतानाच मी चार्जरची पिन उपसली. टास्क मॅनेजरमध्ये ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकलेला वेग २.९ वर गेला. पिन परत लावली, आणि थोड्याच वेळात पुन्हा ०.७९.

लॅपटॉप मंद झाला की आपण आधी तापमान बघतो, आणि ते नेहमीसारखं दिसलं की प्रोसेसरवरचा संशय सोडून देतो. इथेच फसगत होते. प्रोसेसर थंड आहे तो ठणठणीत आहे म्हणून नव्हे. त्याला वीजच कमी मिळते आहे, म्हणून तो तापत नाही.

प्रोसेसरला विजेची मर्यादा असतेच. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तिचे दोन टप्पे असतात: थोडा वेळ चालणारी वरची मर्यादा PL2, आणि नंतर कायम पाळायची PL1. एक्सपोर्ट सुरू होताना वेग चढतो आणि अर्ध्या-एक मिनिटात खाली येऊन स्थिरावतो, तो यामुळे. हे दुखणं नाही. पण निरोगी मशीन असं स्थिरावताना साधारणपणे आपल्या मूळ वेगाच्या आसपास राहतं. २.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वर येऊन बसला, तर कुणीतरी बाहेरून ब्रेक दाबलेला असतो.

हा ब्रेक म्हणजे PROCHOT नावाचा सिग्नल. मुळात तो प्रोसेसर फार तापल्याचा इशारा. पण मदरबोर्डवरचे इतर भागही तो देऊ शकतात. लॅपटॉपमधला एक छोटा कंट्रोलर चार्जरवर नजर ठेवून असतो. चार्जरला झेपणार नाही एवढी वीज ओढली जाते आहे असं दिसलं, की तो हाच सिग्नल देतो आणि प्रोसेसर क्षणात तळाला जातो. त्यामुळे ५८ अंशांवरही काही प्रोग्राम ‘थर्मल थ्रॉटलिंग’, म्हणजे उष्णतेमुळे वेग उतरवला, असं दाखवतात, आणि माणूस पुन्हा थर्मल पेस्टकडे वळतो.

बहिणीच्या चार्जरवरचं लेबल वाचलं: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. गुणाकार केला तर ६५ वॅट. लॅपटॉपच्या तळाशी छापलं होतं १९.५ व्होल्ट, ६.६७ अँपिअर, म्हणजे १३० वॅट. व्होल्ट तेच, पिनही तीच, बॅटरीही चार्ज व्हायची. शंका येणार कुठून? प्रोसेसरचे ४५ वॅट, ग्राफिक्सचे ५० आणि स्क्रीन वगैरेचे १५ धरले तरी ११० होतात. नुसतं टाइप करताना १५-२० वॅट पुरतात, म्हणून एरवी काही जाणवत नव्हतं. बॅटरीवर चालताना चार्जर जपायचा नसतो, म्हणून ब्रेक सुटायचा.

चार्जर योग्य वॅटचा असूनही हेच घडू शकतं. काही गोल पिनांच्या मधोमध एक बारीक सुई असते. त्या सुईतून चार्जर आपली ओळख सांगतो. ती वाकली किंवा आतून तुटली, की लॅपटॉप चार्जरला अनोळखी समजतो, वेग उतरवतो, आणि बरेचदा बॅटरीही चार्ज करत नाही. यूएसबी-सी असेल तर केबलही तपासा: ओळख-चिप नसलेल्या केबलमधून ३ अँपिअरच मिळतात, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. मग १०० वॅटचा चार्जर लावूनही उपयोग नाही.

खात्री करायची तर HWiNFO हा मशीनचे आकडे दाखवणारा प्रोग्राम उघडून काम सुरू करा आणि CPU Package Power, म्हणजे प्रोसेसर किती वीज ओढतो, ही ओळ बघा. आकडा मर्यादेला टेकून सपाट चालला असेल तर ती नेहमीची PL1. तो पाच-सहा वॅटवर कोसळला, तापमान कमी आहे आणि PROCHOT समोर Yes आहे, तर चार्जर काढून बघा. वेग चढला की चोर जवळपास सापडलाच. चढला नाही, तर बॅटरी जुनी झाली आहे का ते पाहावं लागेल; दमलेल्या बॅटरीवरही लॅपटॉप असाच हात आखडता घेतो.

ThrottleStop या प्रोग्राममधून BD PROCHOT ची खूण काढून टाकली, म्हणजे इतर भागांचा PROCHOT प्रोसेसरने पाळू नये असं ठरवलं, की वेग लगेच परततो, म्हणून हा उपाय बरेच जण सुचवतात. ६५ वॅटच्या चार्जरवर मी तो करणार नाही. मागणी ११० वॅटचीच राहते. मग चार्जर तापतो किंवा मशीन मध्येच बंद पडतं, आणि बाकीच्या भागांनी दिलेला उष्णतेचा खरा इशाराही प्रोसेसरपर्यंत पोचत नाही.

बहिणीने १३० वॅटचा चार्जर लावला. तोच व्हिडिओ, तीच सेटिंग्ज: वेग ३.१ गिगाहर्ट्झ, तापमान ८४ अंश, आणि पंखा पहिल्यांदाच जोरात फिरू लागला.