लीज संपलं तरी जुना राइट येतोच

“लॉकला ३० सेकंदांचं लीज, म्हणजे ठरावीक मुदत आहे, मग एका वेळी एकच क्लायंट लिहिणार ना?”

नाही. लीज संपल्याचं लॉक सर्व्हरला कळतं, गोठलेल्या क्लायंटला नाही. समजा, ‘अ’ने लॉक घेऊन फाइल वाचली आणि गार्बेज कलेक्शनमुळे त्याची प्रोसेस ४० सेकंद थांबली. तिसाव्या सेकंदाला लीज संपलं, लॉक ‘ब’ला मिळाला, त्याने फाइल बदलली. मग ‘अ’ जागा झाला आणि आपली जुनी प्रत त्यावर लिहून मोकळा झाला. ‘ब’चा बदल गेला, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही! लिहिण्याआधी घड्याळ पाहूनही भागत नाही, कारण तपासणी आणि राइट यांच्या मधेच प्रोसेस थांबू शकते.

म्हणून फेन्सिंग टोकन: प्रत्येक लॉकसोबत मिळणारा, सतत वाढणारा आकडा. ‘अ’ला ३३, ‘ब’ला ३४. तो प्रत्येक राइटसोबत पाठवायचा; ३४ पाहिलेलं स्टोरेज ३३ नाकारतं. झूकीपर या समन्वय सेवेतला `zxid` हा वाढता व्यवहार-क्रमांक यासाठी चालतो. रँडम किंमत चालत नाही, कारण तिच्यातून क्रम कळत नाही. मात्र तपासणी स्टोरेजनेच करायला हवी. ते टोकन बघतच नसेल, तर ‘अ’चा राइट पूर्वीसारखाच आत शिरतो.