आरशामागची खोली: संगणकीय चित्रांतील प्रतिबिंबांची पार्श्वभूमी

खोलीच्या चित्रात आरसा आला की चित्र करणाऱ्याला चौकटीत न दिसणारी खोलीही ठाऊक असावी लागते. यान व्हान आइक याने १४३४ साली रंगवलेल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर एक छोटा फुगीर आरसा आहे. त्यात त्या दोघांच्या पाठी दिसतात, आणि समोरच्या दारात उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्तीही दिसतात, ज्या चित्रात दुसरीकडे कुठेच नाहीत. उलट एदुआर माने याच्या १८८२च्या फॉली-बेर्झेरमधील बारच्या चित्रात समोर उभ्या असलेल्या स्त्रीचे प्रतिबिंब तिच्या मागे न पडता बरेच उजवीकडे सरकलेले दिसते. हे प्रतिबिंब अशक्य आहे की पाहणाराच एका बाजूला उभा आहे, यावर पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चा होत राहिली. काच, आरसा आणि पाणी यांच्या संगणकीय चित्रणाचा इतिहासही मला याच एका प्रश्नाचा इतिहास वाटतो: चौकटीबाहेरची खोली चित्र करणाऱ्या यंत्रणेला माहीत आहे का?

१९७६ साली जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूवेल यांनी त्यावर एक काटकसरीचे उत्तर दिले. भोवतालचे चित्र आधीच तयार ठेवायचे, आणि चकचकीत वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून परावर्तित किरण ज्या दिशेला जाईल त्या दिशेचा रंग त्या चित्रातून उचलायचा. चहाच्या किटलीसारख्या गोलसर वस्तूवर ही युक्ती उत्तम खपते. तिचा दोष असा की ती फक्त दिशा पाहते, अंतर पाहत नाही. भोवतालचे सगळे जणू अनंत अंतरावर आहे असे ती धरून चालते. त्यामुळे सपाट आरशाजवळ फुलदाणी नेली तरी तिचे प्रतिबिंब तिला येऊन भिडत नाही, किंबहुना तयार चित्रात ती फुलदाणी नसेल तर आरशात ती दिसतच नाही.

बेल लॅब्समधील टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने हा प्रश्न मुळापासून सोडवला. डोळ्यापासून निघालेला किरण आरशावर आदळला की तेथून नवा किरण सोडायचा आणि तो प्रत्यक्ष खोलीत कशावर आदळतो ते शोधायचे. काच असेल तर एक किरण परावर्तनाचा आणि एक अपवर्तनाचा, असे दोन किरण सोडायचे. दोन गोल आणि चौकटींची फरशी एवढ्याच दृश्याला त्या काळच्या संगणकावर ७४ मिनिटे लागली, पण आरशात दिसते ते खोलीत खरोखर असलेलेच, याची हमी मिळाली. किरणाच्या फेऱ्यांना मात्र मर्यादा घालावी लागते, आणि ती अपुरी पडली की समोरासमोरच्या आरशांत काही प्रतिबिंबांनंतर अंधार दिसतो किंवा एकामागे एक ठेवलेले काचेचे पेले काळे पडतात.

संगणकीय खेळांना एवढा वेळ परवडणारा नव्हता. १९९६च्या ड्यूक न्यूकेम ३डी या खेळात आरशाच्या भिंतीमागे रिकामी जागा सोडावी लागे, कारण उलटवलेली खोली तिथे काढली जात असे. २०११च्या सुमारास पडद्यावर आधीच उमटलेल्या चित्रातूनच प्रतिबिंब उचलण्याची पद्धत रूढ झाली. ती ओल्या फरशीला शोभते, पण आरशासमोर उघडी पडते: वस्तूची मागची बाजू पडद्यावर नसते, मग ती आणायची कुठून?

लिहिलेल्या वर्णनावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र काढण्याच्या अलीकडच्या डिफ्यूजन पद्धतीत तर खोली मुळातच नसते. असंख्य छायाचित्रांवरून आरशात साधारण काय दिसते हे ती शिकते, पण समोरच्या टेबलाचे आणि आरशातल्या टेबलाचे नाते तिच्यात कुठेही नियम म्हणून लिहिलेले नसते. म्हणून आरशात दुसरीच खोली उगवते, किंवा समोरच्या फुलदाणीची दर्शनी बाजू तशीच पुन्हा आरशात दिसते. ते प्रतिबिंब नसते, तर दुसरी फुलदाणी असते. छायाचित्रांचा खरेखोटेपणा तपासणारे संशोधक हॅनी फरीद यांनी २०२२ साली अशा चित्रांतील सावल्या आणि प्रतिबिंबे तपासली, तेव्हा भूमितीची अशी विसंगती स्पष्ट दिसली. ही कसोटी त्यापूर्वी बनावट छायाचित्रे ओळखण्यासाठी मांडली गेली होती.

कसोटी पट्टी आणि पेन्सिलीने करता येते. वस्तूवरचा एक बिंदू आणि आरशातला तोच बिंदू जोडणारी रेघ प्रत्यक्षात आरशाला लंब असते. अशा सगळ्या रेघा एकमेकींना समांतर असल्यामुळे चित्रात त्या वाढवल्या की एकाच बिंदूत मिळायला हव्यात, किंवा समांतरच राहायला हव्यात. आकाराचाही हिशेब जुळावा लागतो. समजा कॅमेरा आरशाकडे सरळ रोखलेला असून आरशापासून २ मीटरवर आहे आणि फुलदाणी आरशापासून १ मीटरवर आहे. फुलदाणी कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आली. तिचे प्रतिबिंब आरशाच्या १ मीटर मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर आले. चित्रात प्रतिबिंबाची उंची फुलदाणीच्या एक तृतीयांशच हवी, आणि दिसायला हवी ती फुलदाणीची मागची बाजू. दोन्ही जवळपास सारख्याच उंचीच्या दिसल्या तर चित्र चुकले आहे. पाण्याचा आरसा आडवा असतो, त्यामुळे घरातल्या हौदात खांबाचे प्रतिबिंब त्याच्या थेट खाली पडते आणि वरच्या तुळईचा तळ दिसतो. तुळईची वरची बाजू पाण्यात दिसली तर ती नक्कल समजावी.

काचेच्या बाबतीत मात्र दुहेरी दिसणारे सगळेच चूक नसते, आणि इथे घाईने दुरुस्ती करणारे फसतात. साध्या काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग पुढच्या पृष्ठावरून आणि जवळपास तेवढाच मागच्या पृष्ठावरून परत येतो. रात्री खिडकीच्या काचेत घरातल्या दिव्याकडे तिरके पाहिले तर एकमेकींना खेटून दोन फिकट ज्योती दिसतात, त्या यामुळेच. जाडी नसलेल्या एकाच पृष्ठाची काच काढली तर ही जोडी नाहीशी होतेच, शिवाय त्या पृष्ठाला अपवर्तन दिले असेल तर पलीकडची सगळी जागा काचेने भरली आहे असा हिशेब होतो आणि बाहेरचे दृश्य जागचे हलते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली आरशांचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी त्रिमितीय वस्तू आरशासमोर ठेवून सुमारे दोन लाख चित्रे रेंडर केली आणि आरशाची जागा व दृश्यातील प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती अंतरावर आहे हे दाखवणारा नकाशा यांसह ती डिफ्यूजन मॉडेलला शिकवली. म्हणजे जी खोली मॉडेलकडे नव्हती, तिची माहिती बाहेरून पुरवली.

घरसजावटीची चित्रे करणाऱ्यांनाही साध्या ठोकळ्यांची खोली रचून तिचा तसाच अंतराचा नकाशा मॉडेलला देता येतो, पण त्यात एक खाच आहे. त्या नकाशात आरसा म्हणजे नुसती सपाट भिंत असते, त्यामुळे आत काय दिसावे हे मॉडेलला तरीही कळत नाही. त्यासाठी आरशाच्या जागी भिंतीला भोक पाडून त्यामागे खोलीची प्रत उभी करावी लागते, अगदी १९९६च्या त्या खेळासारखी. ती प्रत फिरवून चालत नाही, आरशाच्या प्रतलात उलटवावी लागते. नुसत्या फिरवलेल्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे सरळ वाचता येतात आणि कपाचा कान चुकीच्या बाजूला येतो.