हेडफोन एक, उपकरणं दोन: गाणं भलतीकडूनच का वाजतं?

आमच्याकडून ब्लूटूथ हेडफोन घेतलेल्या ग्राहकांसाठी

तुमचे हेडफोन फोन आणि लॅपटॉप या दोन्हींशी एकाच वेळी जोडलेले राहू शकतात. या सोयीला मल्टिपॉइंट म्हणतात. हिच्याविषयी आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: ‘गाणं फोनवर लावलं, पण वाजतंय लॅपटॉपवरून.’ अशा तक्रारीसाठी परत आलेले बरेचसे हेडफोन आम्ही तपासतो तेव्हा ठणठणीत निघतात. ग्राहकाचा हेलपाटा होतो आणि घरी गेल्यावर तोच त्रास पुन्हा सुरू होतो. म्हणून हे पत्रक.

मुळात गाणं कुठून वाजावं हे दोन जण ठरवत असतात, आणि ते एकमेकांना विचारत नाहीत. एक तुमचं गाण्यांचं अ‍ॅप आणि दुसरे खुद्द हेडफोन. घोटाळा कोणाचा हे आधी कळलं, तर दुरुस्ती दोन मिनिटांची असते. ते न कळता लोक पेअरिंग पुसतात, पुन्हा करतात, परत पुसतात, आणि त्याने काहीच बदलत नाही.

आधी जोडणी नीट करून घ्या

पेअर करणं आणि कनेक्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेअर म्हणजे ओळख करून देणं. ती एकदाच करायची आणि हेडफोन अशी अनेक उपकरणं लक्षात ठेवतात. कनेक्ट म्हणजे त्या क्षणी प्रत्यक्ष जोडलेलं असणं. मल्टिपॉइंटमध्ये त्या जागा सहसा दोनच असतात.

पहिलं उपकरण नेहमीसारखं पेअर करा. मग हेडफोन पुन्हा पेअरिंगला लावा, म्हणजे दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरा, आणि दुसरं उपकरण पेअर करा. इथे बरेच जण अडकतात, कारण दुसरं जोडताना अनेक मॉडेलांत पहिलं सुटतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या उपकरणाच्या ब्लूटूथ यादीत जाऊन हेडफोनच्या नावावर एकदा टॅप करा, की तेही परत जोडलं जातं. तसं केल्यावर दुसरं सुटत असेल, तर मल्टिपॉइंट बंद आहे. काही मॉडेलांत ते हेडफोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून चालू करावं लागतं.

जुना टॅबलेट किंवा टीव्ही कधी तरी पेअर केलेला असेल, तर त्याच्या ब्लूटूथ यादीतून हेडफोनचं नाव काढून टाका. नाहीतर तो चालू झाला की दोनपैकी एक जागा बळकावतो आणि तुमचा लॅपटॉप बाहेर राहतो.

घोटाळा अ‍ॅपचा असतो तेव्हा

एका ताईंचं उदाहरण सांगतो. त्या टेबलावर बसून लॅपटॉपवर काम करत. फोनवर गाणं लावून तो खिशात टाकत आणि पाणी प्यायला उठत. दोन खोल्या ओलांडल्या की गाणं तुटायला लागे. फोन खिशातच होता, त्यामुळे हेडफोनची रेंज गेली असं त्यांना वाटलं आणि त्या हेडफोन घेऊन आमच्याकडे आल्या.

आम्ही हेडफोन फक्त फोनला जोडून चालून पाहिलं. आवाज कुठेही तुटला नाही. मग त्यांचा लॅपटॉप मागवला, दोन्ही जोडले, त्यांना नेहमीसारखं गाणं लावायला सांगितलं आणि हेडफोन बंद केले. गाणं लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजायला लागलं! त्यांनी टॅप केलं होतं फोनवर, पण गाणं चालू होतं लॅपटॉपमध्ये.

त्या स्पॉटिफाय वापरत होत्या. त्यात स्पॉटिफाय कनेक्ट नावाची सोय आहे. एकाच खात्याने दोन ठिकाणी अ‍ॅप उघडं असेल, तर एक उपकरण दुसऱ्याचं रिमोट बनू शकतं. सकाळी त्यांनी लॅपटॉपवर गाणी लावली होती. दुपारी फोनवर नवं गाणं निवडलं, तेव्हा अ‍ॅपने ते आधीपासून चालू असलेल्या लॅपटॉपवरच लावलं. दोन्ही उपकरणं त्याच हेडफोनना जोडलेली, त्यामुळे कानाला फरक कळायचा प्रश्नच नव्हता. त्या उठून गेल्या की अंतर वाढायचं ते लॅपटॉपपासून. ब्लूटूथची रोजच्या वापरातली मजल साधारण 10 मीटर असते, आणि मध्ये भिंती आल्या की त्याहून कमी.

हे ओळखायला आणखी दोन खुणा आहेत. फोनवर चालू गाण्याच्या पट्टीत लॅपटॉपचं नाव दिसतं. आणि फोनवरून गाणं चालू असताना लॅपटॉपचं झाकण लावलं, की तो झोपी जाताच गाणं थांबतं.

उपाय सोपा आहे. फोनवर चालू गाण्याचा पडदा उघडा, खालच्या उपकरणांच्या चिन्हावर टॅप करा आणि यादीतून आपला फोन निवडा. गाणं आहे त्या जागेवरून फोनवर येतं. मात्र लॅपटॉपवरचं अ‍ॅप मागे चालू राहिलं, तर उद्या हेच पुन्हा घडू शकतं. खिडकी बंद केली म्हणजे अ‍ॅप बंद झालं असं नसतं. विंडोजवर ते कोपऱ्यातल्या घड्याळाजवळच्या चिन्हांत लपून बसलेलं असू शकतं. तिथे उजवं क्लिक करून ते खरोखर बंद करा. लॅपटॉप सुरू होताच ते आपोआप उघडत असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमधून तेही थांबवा. त्या ताईंना एवढंच करावं लागलं. हेडफोनना आम्ही हातही लावला नाही.

घोटाळा हेडफोनचा असतो तेव्हा

आता दुसरी बाजू. फोनवर गाण्याची पट्टी पुढे सरकतेय, तिथे दुसऱ्या कुठल्या उपकरणाचं नाव नाही, आणि तरी कानात काहीच नाही किंवा लॅपटॉपचाच आवाज येतोय. अशा वेळी अ‍ॅप बरोबर आहे आणि निर्णय हेडफोन घेत आहेत.

हेडफोन दोघांशी जोडलेले असले, तरी एका वेळी एकाचाच आवाज वाजवतात. कोणाचा, याचा नियम मॉडेलनुसार बदलतो. काही हेडफोन आधी वाजत असलेल्याला सोडत नाहीत, तो थांबेपर्यंत दुसऱ्याला वाट पाहावी लागते. काही मात्र शेवटी ज्याने प्ले केलं त्याच्याकडे लगेच वळतात. तुमचे कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहायला एकावर गाणं चालू ठेवा आणि दुसऱ्यावर व्हिडिओ लावा. गाणं चालूच राहिलं तर पहिला प्रकार, व्हिडिओ ऐकू आला तर दुसरा. हे एकदा पाहून ठेवा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पहिल्या प्रकारात अडचण येते ती लॅपटॉपच्या न दिसणाऱ्या आवाजांमुळे. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये जाहिरातीचा व्हिडिओ चालू असतो, तुम्ही ती खिडकी कधीच खाली दाबलेली असते. हेडफोनच्या दृष्टीने लॅपटॉप ‘वाजतोय’, मग फोनचं गाणं आत घेणार कसं? दुसऱ्या प्रकारात उलटं होतं. फोनवर गाणं छान चालू असतं आणि लॅपटॉपवर ईमेल आल्याची टिंग वाजते. त्या एका टिंगसाठी हेडफोन तिकडे वळतात, फोनचं गाणं थांबतं, आणि पुष्कळदा ते आपोआप परत सुरू होत नाही.

दोन्हींवर आमचा आवडता उपाय एकच: लॅपटॉपचे फुटकळ आवाज हेडफोनपर्यंत जाऊच द्यायचे नाहीत. विंडोज 11 मध्ये `Settings > System > Sound` इथे आवाजासाठी लॅपटॉपचे स्पीकर निवडा. मग त्याच पानावरच्या `Volume mixer` मध्ये जाऊन फक्त तुमच्या मीटिंगच्या अ‍ॅपपुढे हेडफोन निवडा. मीटिंग कानात येईल, टिंग टेबलावर राहील. मॅकवर `System Settings > Sound` मध्ये सूचनांच्या आवाजासाठी वेगळा स्पीकर निवडता येतो.

हेडफोनवरच्या प्ले बटणाबद्दलही सांगायला हवं. ते बटण बहुतेक वेळा शेवटी वाजलेल्या उपकरणाला आज्ञा देतं. तुम्ही फोनवर गाणं थांबवलं, मध्ये लॅपटॉपवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिला आणि मग बटण दाबलं, तर तो व्हिडिओच परत सुरू होतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळी फोनच्या पडद्यावरच प्ले दाबा. त्यानंतर बटणही फोनचंच ऐकायला लागतं.

मीटिंगनंतर आवाज बसका येतो

ब्लूटूथवर गाण्याची वाट वेगळी आणि फोनकॉलची वाट वेगळी. मीटिंगसाठी माइक उघडला की हेडफोन कॉलच्या वाटेवर जातात आणि कॉलला नेहमी पहिला मान मिळतो, म्हणून दुसऱ्या उपकरणावरचं गाणं थांबतं. मीटिंग संपली, पण तिचा टॅब उघडा राहिला आणि माइक सुटला नाही, तर लॅपटॉपवरचं गाणं जुन्या लँडलाइनवर ऐकल्यासारखं बारीक आणि घोगरं येतं. फोनचं गाणं तर सुरूच होत नाही. मीटिंगचं अ‍ॅप पूर्ण बंद करा, काही सेकंदांत आवाज पूर्ववत होतो. मीटिंगमध्ये लॅपटॉपचाच माइक निवडायची सवय ठेवली, तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

एअरपॉड्स वापरणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं, की त्यांच्यात वर सांगितलेलं मल्टिपॉइंट नसतं. एकाच अ‍ॅपल खात्यावरच्या उपकरणांमध्ये ते आपोआप उड्या मारतात. त्या नको असतील, तर जोडलेले असताना आयफोनच्या सेटिंगमध्ये एअरपॉड्सच्या पानावर जा आणि आपोआप जोडण्याऐवजी ‘शेवटी याच फोनशी जोडलेले असतील तेव्हाच’ या अर्थाचा पर्याय निवडा. आयपॅड आणि मॅकवरही तेच करावं लागतं.

आमच्याकडे कधी यावं

लॅपटॉपचं ब्लूटूथ पूर्ण बंद करा, फक्त फोन जोडा, फोन हातात धरा आणि गाणं लावा. एवढं करूनही आवाज तुटत असेल, एकाच कानात येत असेल किंवा जोडणी आपोआप सुटत असेल, तर हेडफोन नक्की घेऊन या. शक्य असेल तर दोन्ही उपकरणंही सोबत आणा. त्या ताईंचा लॅपटॉप समोर नसता, तर आम्हालाही कारण सापडलं नसतं.