वजन-सवय नोंदतक्ता

रोजचे वजन आणि एखादी सवय लिहून ठेवून त्यातून आठवड्याचा कल वाचण्याचा तक्ता. तो मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये सहज होतो. तारीख, वजन, सरासरी आणि सवय असे चार रकाने त्याला पुरतात. सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करावे. सवय पाळली तर १, नाही तर ० लिहावे. पहिली नोंद दुसऱ्या ओळीत असेल, तर सातव्या दिवसासमोर C8 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=IF(COUNT(B2:B8)>=4,AVERAGE(B2:B8),"")
```

चारपेक्षा कमी नोंदी असल्या तर चौकट कोरी राहते. चुकलेल्या दिवशी वजनाचा रकाना रिकामाच सोडावा. तिथे ० टाकले तर सूत्र तेही वजन म्हणून धरते आणि ७८ किलोच्या माणसाची सरासरी एकदम ६७ वर येते.

लातूरकडच्या एका नवशिक्याचा आठवडा समजा सोमवारपासून असा गेला: ७८.४, ७८.१, ७८.३, ७७.९, ७८.०, ७९.२, ७८.८. शुक्रवारी रात्री लग्नाची पंगत झाली आणि शनिवारी काटा सव्वा किलोने वर गेला. एका जेवणाने एवढी चरबी चढत नाही. मिठाने अंगात धरून ठेवलेले पाणी आणि पोटातले अन्न यांचे ते वजन. सरासरी मात्र ७८.४ आली. पुढच्या आठवड्यात ७८.३, ७७.९, ७७.८, ७७.६, ७७.७, ७७.५, ७७.९ अशा नोंदी झाल्या आणि सरासरी ७७.८ भरली. साप्ताहिक सारांशात एवढेच लिहायचे: ०.६ किलो घट, संध्याकाळचे चालणे ७ पैकी ५ दिवस.

सरासरी सरकताना नवा दिवस आत येतो आणि आठवड्यापूर्वीचा बाहेर पडतो. त्या दोघांतल्या फरकाचा सातवा हिस्सा एवढीच ती हलते. म्हणून दुसऱ्या शनिवारी ७९.२ बाहेर पडून ७७.५ आत आले, तेव्हा रेषा एका दिवसात पाव किलोने उतरली. ही उतरण त्या दिवसाच्या चालण्याची नव्हे, पंगत हिशेबातून गेल्याची आहे. नवशिके नेमके इथेच फसतात. सात दिवस घेण्याचे कारण असे, की आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवारचे मटण प्रत्येक सरासरीत एकदाच येतात. एकादशी पंधरवड्याने येते, त्यामुळे तिचा खड्डा रेषेत थोडा दिसतोच.

आलेखात रोजची वजने फिकट ठिपक्यांनी आणि सरासरी ठळक रेषेने दाखवावी. उभा अक्ष ० पासून धरला तर रेषा सपाट दिसते, म्हणून या उदाहरणात ७५ ते ८१ ठेवावा. रेषा साधारण तीन दिवस मागे चालते.

एप्रिल-मेच्या उन्हात घामाने काटा खाली येतो आणि पाणी प्यायल्यावर परत चढतो. ती घट सवयीच्या खात्यात धरू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, तर ते अंगात पाणी साठत असल्याचे लक्षण असू शकते. अशा रुग्णाने सरासरीची वाट न पाहता रोजचा आकडाच डॉक्टरांना कळवावा.