तुर्की बोलणारे 'ग्रीक' आणि ग्रीक बोलणारे 'तुर्क'

इस्तंबूलला बालिक्ली नावाचं ऑर्थोडॉक्स चर्च आहे, त्याच्या अंगणात जुन्या कबरींचे दगड फरशीसारखे बसवलेत. त्यातल्या बऱ्याच दगडांवरची लिपी ग्रीक, पण ग्रीक येणारा वाचायला गेला तर अक्षरं लागतात आणि अर्थ लागत नाही, कारण भाषा चक्क तुर्की आहे. गोव्यात रोमी लिपीत कोकणी लिहितात ना, तसंच काहीसं. हे लोक करामानली, मूळचे तुर्कस्तानच्या मध्यभागातल्या कायसेरी, निगदे वगैरे भागातले, घरीदारी तुर्कीच बोलणारे ख्रिश्चन.

ऑटोमन सरकारला त्यांच्या भाषेशी फारसं देणंघेणं नव्हतं. कर कोणता, लग्न-वारसाचं भांडण कुणापुढे जाणार हे धर्मावरून ठरायचं, आणि अशा धर्मसमाजाला म्हणायचे मिल्लेत (ज्वारी-बाजरीवालं मिलेट नव्हे, आपल्याकडे उर्दूतून आलेलं 'मिल्लत' तेच हे). ऑर्थोडॉक्स सगळे 'रूम' या एका खात्यात, मग घरी ग्रीक बोला, बल्गेरियन बोला नाहीतर अरबी. मुसलमानांचंही तेच, तुर्क, कुर्द, अल्बेनियन असे वेगळे रकाने नाहीत. अर्थात ही व्यवस्था पहिल्यापासून इतकी चोख होती असं समजू नका, तिला नीट कायदेशीर आकार आला तो १९व्या शतकातल्या सुधारणांत.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे झाली. ग्रीस-तुर्कस्तान युद्धानंतर जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली. दोघांनाही आपापलं 'राष्ट्र' एकजिनसी हवं होतं, पण कोण कुठला हे ओळखायचं कसं? तर जुनाच रकाना उचलला. करारात लिहिलंय 'ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे' आणि 'मुस्लिम धर्माचे', भाषेचं नावही नाही. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ग्रीसच्या वाट्याला आले (बरेचसे करारापूर्वीच जीव मुठीत धरून पळाले होते), साडेतीन-चार लाख मुसलमान उलट दिशेने गेले. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले.

करामानली त्यातच गेले. ज्या देशाची भाषा येत नाही तो म्हणे मायदेश, आणि तिथले लोक हिणवणार 'तुर्काचं बी' म्हणून. उलट क्रीटचे मुसलमान तुर्की किनाऱ्यावरच्या आयवालिकला येऊन उतरले, त्यांना येत होती ग्रीक, तर त्यांना टोमणा 'अर्धे काफर'.

मग पंडितांची मारामारी: करामानली म्हणजे भाषा विसरलेले ग्रीक, की ख्रिश्चन झालेले तुर्क? मला दोन्ही बाजू सारख्याच वाटतात, कारण दोघांनीही आधीच धरून चाललंय की त्या रकान्याच्या तळाशी एकच कुठलंतरी रक्त असणार. आणि ते निगदेच्या माणसाला विचारलं असतं तर तो बहुतेक एवढंच म्हणाला असता की मी ख्रिश्चन, अमुक गावचा.

पापा एफ्तिम नावाच्या एका पाद्र्याने मात्र अंकारातल्या मुस्तफा कमालच्या राष्ट्रवादी सरकारची बाजू घेऊन वेगळं 'तुर्की ऑर्थोडॉक्स' चर्च काढलं होतं. त्याला आणि त्याच्या घरच्यांना राहू दिलं. बाकीचे गेले. आजच्या तुर्कीत मिल्लेत शब्दाचा अर्थ आहे राष्ट्र.